वजन ४८ किलो, भूक अर्ध्या भाकरीची : घरातल्या ज्येष्ठांच्या प्रथिनांचा हिशेब कसा मांडायचा?

बेळगाव : "आत्याबाई दोन्ही वेळा जेवतात, पण अंगाला काय लागत नाही." शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जा, एखादी सून हे बोलताना भेटतेच. सासूबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पाटावरून उठताना भिंतीला हात लावावा लागतो. डॉक्टरांकडे नेलं की ते तपासण्या बघतात आणि जाताना सांगतात, "प्रोटीन वाढवा." घरी आल्यावर प्रश्न उरतो तो उरतोच. वाढवायचं म्हणजे किती? आणि ज्यांना अर्धी भाकरीसुद्धा जड होते, त्यांच्या पोटात ते घालायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर ग्रॅममध्ये काढता येतं. त्याला लागतात तीन गोष्टी. वजनकाटा, स्वयंपाकघरातला छोटा तराजू आणि एका दिवसाची वही. हिशेब किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीपेक्षा अवघड नाही. आधी देणं किती ते ठरवायचं, मग जमा किती होते ते मोजायचं आणि तूट कुठल्या वेळेला पडते ते शोधायचं.

किलोमागे किती ग्रॅम?

प्रथिनांची गरज माणसाच्या वजनावर ठरते, म्हणून ती 'रोज किलोमागे इतके ग्रॅम' अशी सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे आकडे दिले, त्यात निरोगी प्रौढ माणसासाठी रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत.

वय साठ-पासष्टच्या पुढे गेलं की हा आकडा अपुरा पडतो, असं वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. अशा तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये निरोगी ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारातून उठणाऱ्या किंवा जुनाट आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम अशी शिफारस केली. कारण साधं आहे. तरुण माणसाने एक अंडं खाल्लं तर त्याचे स्नायू त्यातलं जेवढं उचलतात, तेवढं म्हाताऱ्या माणसाचे उचलत नाहीत. स्नायूंना जागं करायला वयस्कर माणसाला एका वेळी जास्त प्रथिनं लागतात. त्यामुळे गरज वाढते आणि नेमकी त्याच वयात भूक कमी होते. सगळी अडचण इथेच आहे.

एका वेळच्या जेवणाचाही अंदाज तज्ज्ञ देतात, किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम. म्हणजे दिवसभर चहा-बिस्किटांतून थेंब थेंब प्रथिनं घेण्यापेक्षा, निदान दोन-तीन वेळा एकदम बरी मात्रा पोटात गेलेली चांगली.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. आजींचं वय ७४, उंची पाच फूट, वजन ४८ किलो. वर्षापूर्वी ५२ होतं. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. दात कमी, कवळी दुखते म्हणून बऱ्याचदा काढून ठेवलेली.

त्यांचा हिशेब असा. किलोमागे १ ग्रॅम धरला तर रोज ४८ ग्रॅम. १.२ धरला तर ५७.६, म्हणजे ५८ ग्रॅम. एका जेवणाला ०.४ धरला तर साधारण १९ ग्रॅम. पहिला टप्पा ४८ चा, पुढचा ५८ चा.

आकडा लावण्याआधी एक तपासणी

वर्षभरात चार किलो वजन न ठरवता उतरलं, तर ते शंभरात जवळपास आठ झालं. सहा महिने ते वर्षभरात शंभरात पाचपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, पोटाचे विकार, मन उदास राहणं, एखादी भूक मारणारी गोळी, यांतलं काहीही मागे असू शकतं. ते आधी डॉक्टरांनी बघायला हवं.

दुसरी तपासणी मूत्रपिंडाची. रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला इजीएफआर हा आकडा रिपोर्टवर असतो. तो ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर प्रथिनं वाढवायची नाहीत, उलट बहुतेक वेळा मर्यादेत ठेवायची असतात. तो ३० ते ६० च्या मध्ये असेल, तर किती चालेल हे डॉक्टरांनाच विचारावं. डायलिसिसवर असलेल्यांचं गणित उलटं असतं, त्यांना जास्त लागतं. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर ही तपासणी न करता पुढचं काही करू नये.

वजन घेतानाही एक गोष्ट बघायची. पायांवर सूज असेल तर काट्यावरचा आकडा पाण्यामुळे फुगलेला असतो, त्यावर हिशेब करता येत नाही. वजन उंचीच्या मानाने फारच जास्त असेल तरी खरं वजन जसंच्या तसं धरत नाहीत, आहारतज्ज्ञ ते कमी करून घेतात. आपल्या उदाहरणातल्या आजींना यांतलं काही नाही. तपासण्या ठीक आहेत. म्हणून ४८ हेच वजन धरायचं.

आज पोटात किती जातं?

आता वही काढायची आणि एक दिवस आजी जे खातात ते लिहायचं. इथे सगळ्यात मोठी चूक होते. तक्त्यात लिहिलेलं असतं, '१०० ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं.' घरातले म्हणतात, आमटी तर रोज होते, मग कमी कसं? पण हा आकडा कच्च्या, कोरड्या डाळीचा आहे. शिजवल्यावर डाळीत पाणी भरतं, आणि आमटी करताना आणखी पाणी घातलं जातं.

चार माणसांच्या घरात दोन्ही वेळची मिळून आठ वाट्या पातळ आमटी होते. त्यात सकाळी किती कोरडी डाळ घातली ते तराजूवर ठेवून बघा. ८० ग्रॅम निघाली, तर एका वाटीला आली १० ग्रॅम डाळ. त्यातली प्रथिनं दोन ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, ती पाण्याने.

म्हणून मोजायचं ते कच्चं मोजायचं. आजींचा दिवस असा निघतो.

सकाळी चहा, त्यात ५० मिली दूध, सोबत दोन बिस्किटं : अडीच ग्रॅम.
नाष्ट्याला बशीभर उप्पिट, ४० ग्रॅम रव्याचं : साडेचार ग्रॅम.
दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी (३५ ग्रॅम पीठ), दोन चमचे भाजी, मूठभर भात, वाटीभर आमटी, अर्धा पेला ताक : साडेनऊ ग्रॅम.
चार वाजता पुन्हा चहा-बिस्किट : अडीच ग्रॅम.
रात्री मऊ भात आणि आमटी, जोडीला लोणचं : पाच ग्रॅम.

एकूण २४ ग्रॅम. भागिले ४८ किलो, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम. हव्या त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी, आणि तरी आजी दिवसातून पाच वेळा काहीतरी खातात. घरातल्यांना त्या 'जेवतात' असंच दिसतं, ते यामुळेच.

वही नीट पाहिली तर तूट कुठे आहे तेही कळतं. दुपारचं जेवण त्यातल्या त्यात बरं. सकाळचा नाष्टा आणि रात्रीचं जेवण जवळजवळ रिकामं. उप्पिट, पोहे, मऊ भात यांनी पोट भरतं, पण खात्यावर फारसं जमा होत नाही.

ताट तेवढंच, आतला माल वेगळा

"आत्या, अजून एक घास घ्या की," असं म्हणून हा हिशेब सुटत नाही. पोट भरल्यावर आग्रह केला तर दुसऱ्या वेळी त्या ताटावर यायलाच कंटाळतात. ज्याची भूक कमी त्याच्या ताटाचा आकार वाढवायचा नाही. त्याच वाटीत पाणी आणि पीठ कमी करायचं, डाळ आणि दूध वाढवायचं.

यासाठी चार-पाच आकडे पाठ असले तरी पुरतात. कोरडी मूगडाळ ३० ग्रॅम म्हणजे ७ ग्रॅम प्रथिनं. पनीर ३० ग्रॅम, म्हणजे काड्यापेटीएवढा तुकडा, साडेपाच ग्रॅम. दूध १५० मिली, ५ ग्रॅम. दही १०० ग्रॅम, ३ ग्रॅम. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट १० ग्रॅम, अडीच ग्रॅम. साय काढलेल्या दुधाची पावडर १५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, ५ ग्रॅम. शेवटची वस्तू कमी भुकेच्या माणसासाठी फार कामाची आहे. दुधाचा पेला तेवढाच राहतो आणि त्यातली प्रथिनं दुप्पट होतात.

नमुन्याचं एक जेवण

आजींचं दुपारचं जेवण पूर्ण मांडून बघू. लक्ष्य १९ ग्रॅमच्या आसपास.

मूगडाळ ३५ ग्रॅम : साडेआठ ग्रॅम
तांदूळ २५ ग्रॅम : दोन ग्रॅम
किसलेलं पनीर ३० ग्रॅम : साडेपाच ग्रॅम
घट्ट दही ७५ ग्रॅम : अडीच ग्रॅम
साजूक तूप एक चमचा

बेरीज साडेअठरा ग्रॅम.

घरात नेहमी खिचडी होते ती तांदूळ जास्त आणि डाळ कमी अशी. इथे प्रमाण उलटं आहे, डाळ जास्त आणि तांदूळ कमी. करायची पद्धत अशी. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचं. घरच्या कुकरमध्ये सगळ्यांच्या भाताबरोबरच आजींचा वेगळा छोटा डबा लावायचा. त्यात दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, मीठ आणि हिंग. दोन शिट्ट्या जास्त झाल्या तरी चालतं, कारण डाळ पूर्ण मोडायला हवी. कुकर उघडल्यावर डावाने घोटायचं. तुपात जिरं तडतडवून वरून घालायचं. मग गॅस बंद करून पनीर अगदी बारीक किसून त्यात मिसळायचं. पनीर शिजवत बसलं तर चिवट होतं आणि कवळीला लागतं. गरम खिचडीत नुसतं मिसळलं तर ते विरघळल्यासारखं होतं, कळतही नाही.

तयार होते दीड-पावणेदोन वाट्या खिचडी. जुन्या ताटातली अर्धी भाकरी, भात, आमटी, भाजी आणि ताक मिळून पोटात जेवढं जात होतं, त्यापेक्षा ही जास्त नाही. प्रथिनं मात्र साडेनऊवरून साडेअठरावर गेली. डाळ आणि तांदूळ एकत्र आल्याने एकात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं, आणि दह्या-पनीराने त्यात आणखी भर पडते.

तूप काढून टाकायचं नाही. दिवसभरात अन्नच कमी गेलं तर शरीर प्रथिनं जाळून त्यातून ताकद काढतं, स्नायूंना काही उरत नाही. चमचाभर तूप किंवा तेल जागा कमी घेतं आणि ती गरज भागवतं. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

वाढतानाही क्रम पाळावा. ताक किंवा पाणी जेवणाआधी दिलं की पोट तिथेच भरतं. आधी खिचडी, मग दही, पाणी घोटभर, आणि ताक हवंच असेल तर तासाभराने. आजींनी वाटीतला तिसरा हिस्सा टाकला तर वहीत १८ नव्हे, १२ लिहायचे. उरलेली खिचडी फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार वाजता वाफाळती गरम करून पुन्हा पुढे करता येते. बऱ्याच ज्येष्ठांना दुपारी एकदम जमत नाही, पण दोन हप्त्यांत जमतं.

बाकीचा दिवस

एक जेवण बसलं की उरलेलं सोपं होतं.

सकाळचा चहा तसाच ठेवावा. चाळीस वर्षांची सवय मोडायला गेलं की घरात वाद होतात. चहाचे दीड ग्रॅम. बिस्किटं मात्र सोडवावीत, कारण तीच नाष्ट्याची भूक मारतात.

नाष्ट्याला उप्पिटाऐवजी मूगडाळीचं धिरडं. ३० ग्रॅम डाळ रात्री भिजवून सकाळी वाटायची, मऊ पसरायचं, आत ३० ग्रॅम पनीर कुस्करून घालायचं, बाजूला शेंगदाण्याच्या कुटाची चटणी दह्यात कालवून पातळ करायची. चटणीचं कूट १० ग्रॅम. बेरीज १५ ग्रॅम.

चार वाजता १५० मिली दूध, त्यात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर. पावडर आधी थोड्या कोमट दुधात कालवून घ्यावी, नाहीतर गुठळ्या होतात. साधं दूध नको असेल तर त्याचीच कॉफी करावी. १० ग्रॅम.

रात्री अर्धी भाकरी घट्ट वरणात कुस्करून. वरणाला एकट्या आजींपुरती २० ग्रॅम तूरडाळ धरायची, म्हणजे ते चमच्यावरून ओघळत नाही इतकं दाट होतं. सोबत १०० ग्रॅम दही. ११ ग्रॅम. रात्री दही चालत नसेल तर तेवढंच दूध झोपताना.

दीड, पंधरा, साडेअठरा, दहा आणि अकरा. एकूण ५६ ग्रॅम. ४८ ने भागलं तर किलोमागे १.१७. लक्ष्यापेक्षा दोन ग्रॅम कमी, पण तेवढ्यासाठी आणखी काही करायची गरज नाही. ताटातला अंदाज रोज इतका पुढेमागे होतोच.

हे सगळं एका सोमवारी सुरू करायचं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चार वाजताचं दूध. दुसऱ्या आठवड्यात दुपारची खिचडी. तिसऱ्यात नाष्टा, शेवटी रात्र. अर्ध्या ग्रॅमवरून एकदम सव्वा ग्रॅमवर नेलं तर पोट फुगतं, आणि "हे मला सोसत नाही" म्हणून आजी सगळंच बंद करतात. खिचडीही आठवडाभर रोज दिली तर कंटाळा येतो. मुगाच्या जागी मसूर, पनीराच्या जागी घरी लावलेल्या दह्याचा चक्का, धिरड्याच्या जागी फोडणी दिलेलं मूगडाळीचं दाट कढण, असा बदल करत राहावं. तराजू पहिले दहा-बारा दिवसच लागतो. पुढे वाटी आणि चमचा पुरतो.

अन्न गेले कित्येक दिवस जवळजवळ बंदच असेल, म्हणजे नुसत्या चहा-पाण्यावर माणूस असेल, तर मात्र घरी असं वाढवायला जाऊ नये. उपासमारीनंतर अन्न वेगाने वाढवलं की रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी.

गाव बदललं की ताट बदलतं

हाच हिशेब दुसऱ्या गावातल्या घरातही लागू पडतो, फक्त वस्तू बदलतात. गोव्यात आजी-आजोबा मासे खात असतील तर काम हलकं होतं. काटे काढलेल्या बांगड्याच्या ६० ग्रॅम मांसात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पेजेबरोबर ते कुस्करून दिलं तर दात नसलेल्यांनाही जातं. नुसती पेज आणि लोणचं असेल तर ते उप्पिटासारखंच, पोट भरतं आणि हिशेब रिकामा. इंदूर-ग्वाल्हेरकडे सकाळचे पोहे सुटत नाहीत. ४० ग्रॅम पोह्यांत तीन ग्रॅमही प्रथिनं नसतात, मग पोहे अर्धे करून सोबत दूध पावडर घातलेलं दूध द्यावं. वडोदऱ्यात चणाडाळीचं मऊ खमण, हैदराबादेत मुगाचा पेसरट्टू, हे पदार्थ आयतेच डाळीचे आहेत. अंडं चालत असेल तर एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम. नमुन्याच्या जेवणातलं पनीर काढून खिचडीबरोबर एक मऊ उकडलेलं अंडं दिलं तरी बेरीज तीच येते.

बाजारातल्या डब्यांबद्दल एवढंच. 'ज्येष्ठांसाठी' असं लिहिलेला डबा घेण्याआधी मागचा तक्ता वाचावा. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती आणि साखर किती ते बघावं. मग डब्यातला चमचा किती ग्रॅमचा ते बघून एका पेल्याला किती ग्रॅम पडतात ते काढावं. साय काढलेल्या दुधाच्या साध्या पावडरमध्ये १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. डब्यात त्याहून कमी असतील आणि साखर जास्त असेल, तर जादा पैसे कशाचे मोजतोय ते लगेच कळतं.

अडतं कुठे, आणि कळतं कसं?

पहिली तक्रार येते गॅसची. डाळ भिजवून पाणी टाकणं, हिंग, आणि आधी मूग-मसूर मग तूर-चणा असा क्रम ठेवला की ती बरीच कमी होते. दुधानेच पोट बिघडत असेल तर दूध थांबवून दही-पनीरवर यावं, अनेकांना ते सोसतं. दुसरी तक्रार बद्धकोष्ठाची. ताटातली भाजी खिचडीसाठी काढून टाकली की हे होतं. दुधीभोपळा किंवा पालक त्याच डब्यात शिजवून घोटावा आणि दिवसभरात दोन जेवणांच्या मध्ये पाणी द्यावं.

गोळ्यांचाही मेळ घालावा लागतो. थायरॉइडची सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. ती घेतल्याबरोबर दुधाचा पेला दिला तर गोळी नीट लागू पडत नाही. कंपवातासाठी लेव्होडोपा असलेली गोळी चालू असेल तर प्रथिनांचं जेवण आणि गोळी एकाच वेळी आल्यास गोळीचा असर कमी होतो. दोन्ही बाबतीत प्रथिनं बंद करायची नाहीत, वेळा डॉक्टरांना विचारून लावून घ्यायच्या.

जेवताना वारंवार ठसका लागणं, घास गालात साठून राहणं, जेवल्यावर आवाज घोगरा होणं, या खुणा असतील तर अडचण भुकेची नाही, गिळण्याची आहे. तिथे आग्रह करून भरवणं धोक्याचं, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी डॉक्टरांना दाखवावं. कवळी दुखत असेल तर तीही याच महिन्यात नीट करून घ्यावी. मऊ अन्न हा उपाय आहे, पण कायमचा नको.

उपयोग होतोय की नाही हे रोज कळत नाही. महिन्यातून एकदा, सकाळी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन घ्यावं. पहिल्या महिन्यात घसरण थांबली तरी पुष्कळ झालं. वजनाबरोबर दुसरी खूण खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर आजींना बसवून, हात छातीवर ठेवून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावं. शेजारी कुणीतरी उभं हवंच. पहिल्या वेळी हाताशिवाय उठताच आलं नाही, तर तेही वहीत लिहावं.

हीच उठ-बस मग व्यायाम म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ जमेल तेवढी करून घ्यावी, लागेल तेव्हा हाताचा आधार घेऊन. स्नायूंना काम दिलं नाही तर ताटातली प्रथिनं त्यांच्यापर्यंत पोचूनही फारसा उपयोग होत नाही. दुपारच्या खिचडीआधी आजी खुर्चीवरून पाच वेळा उठल्या, तर भूकही थोडी लागते.

तीन महिन्यांनी वही पुन्हा काढायची. वजन ५० झालं असेल तर नवा हिशेब ५० ने. किलोमागे १.२ धरला तर ६० ग्रॅम. वजन तेवढंच राहिलं पण खुर्चीवरून उठणं सोपं झालं, तर आहे तेच चालू ठेवायचं. आणि ५५ ग्रॅम रोज पोटात जात असूनही वजन उतरतच राहिलं, तर ताटात आणखी काही घालत बसू नये. वही आणि वजनांचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे परत जावं. "जेवतात, पण अंगाला लागत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा, रोज किती ग्रॅम जातात आणि तीन महिन्यांत वजन किती उतरलं हे सांगितलं, तर पुढची तपासणी कुठली करायची हे त्यांना ठरवता येतं.